रेषा नव्हे, पट्टा : सोलानाच्या आलेखावरील आधार आणि अडथळा

भाव खाली येता येता जिथे वारंवार थांबतो आणि पुन्हा वर वळतो, त्या पातळीला आधार किंवा सपोर्ट म्हणतात. वर चढताना जिथे तो पुन्हा पुन्हा अडतो, तो अडथळा किंवा रेझिस्टन्स. आलेखावर या जागा दाखवण्यासाठी बहुतेक नवखे गुंतवणूकदार एक आडवी रेषा ओढतात. मोठ्या, संथ चालणाऱ्या शेअरच्या बाबतीत तेवढ्यावर काम भागू शकते. बिटकॉइनखेरीजच्या कूटचलनांना, म्हणजे अल्टकॉइनना, भागत नाही. तिथे भाव एका दिवसात पाच-सात टक्के हलणे ही नेहमीची गोष्ट असल्याने एका आकड्यावर ओढलेली रेषा जवळजवळ प्रत्येक वेळी थोडी चुकते, आणि त्या थोड्याशा चुकीचे पैसे मोजावे लागतात. म्हणून अनुभवी मंडळी रेषेऐवजी पट्टा आखतात : खालची एक कड, वरची एक कड आणि मधली सगळी जागा.

सोलाना या चलनाचा 2024 मधला आलेख हे समजून घ्यायला फार उपयोगी आहे. डिसेंबर 2022 च्या अखेरीस, एफटीएक्स हे एक्सचेंज बुडाल्यानंतर, सोलाना सुमारे 8 डॉलरपर्यंत कोसळले होते. तिथून सावरत मार्च 2024 मध्ये ते 210 डॉलरपर्यंत पोहोचले. पुढचे सहा-सात महिने मात्र ते एका मोठ्या चौकटीत वरखाली होत राहिले. त्या काळातले तळ असे : 13 एप्रिलला सुमारे 116 डॉलर, 1 मे रोजी 119 च्या आसपास, 24 जूनला सुमारे 122, 5 जुलैला 121, 5 ऑगस्टला थेट 110 आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा 120.

या आकड्यांकडे पाहून कोणालाही 120 वर रेषा ओढाविशी वाटेल. गोल आकडा आहे आणि बरेचसे तळ त्याच्या जवळच आहेत. पण ती रेषा वापरून पाहिली की तिचे दोन्ही बाजूंचे अपयश दिसते. ज्याने नेमकी 120 ला खरेदीची ऑर्डर लावून ठेवली, त्याची ऑर्डर जूनमध्ये लागली नाही आणि जुलैमध्येही लागली नाही, कारण भाव एक-दोन डॉलर वरूनच वळला. उलट ज्याने आधीच खरेदी करून 118 ला स्टॉपलॉस ठेवला होता, तो 5 ऑगस्टला बाहेर फेकला गेला, आणि त्याच दिवसाच्या शेवटी भाव 130 च्या जवळ परतलेला होता. आधार खरा होता, पण तो 120 या आकड्यात मावणारा नव्हता.

तो का मावत नाही, याची कारणे बाजाराच्या रचनेतच आहेत. शेअरचा व्यवहार एक-दोन एक्सचेंजवर होतो. सोलानाचा जगभरच्या कितीतरी एक्सचेंजवर एकाच वेळी चालतो आणि प्रत्येकाचा तळ वेगळा नोंदला जातो. शांत दिवशी हा फरक काही पैशांचा असतो, घबराटीच्या दिवशी तो एक-दोन डॉलरचा होतो. वर दिलेले तळही दुसऱ्या एक्सचेंजच्या आलेखावर थोडे इकडेतिकडे दिसतील. भारतीय मंचावर रुपयातला आलेख पाहणाऱ्याला तर आणखी एक घटक सांभाळावा लागतो : तिथल्या भावात डॉलरशी जोडलेल्या टिथर या नाण्याचा स्थानिक भाव मिसळलेला असतो आणि तो डॉलरच्या विनिमय दराहून वेगळा असू शकतो. म्हणून पट्टा डॉलरच्या आलेखावर, भरपूर उलाढाल असलेल्या एक्सचेंजचा भाव घेऊनच आखावा.

दुसरे कारण उधारीचे. अल्टकॉइनच्या बाजारात वायद्यांचे सौदे अनेकपट उधारीवर केले जातात. भाव ठराविक मर्यादेखाली गेला की एक्सचेंज असा सौदा सक्तीने विकून टाकते. याला लिक्विडेशन म्हणतात. सगळ्यांना दिसणाऱ्या रेषेच्या जरा खाली स्टॉपलॉसची आणि लिक्विडेशनची गर्दी जमते. भाव तिथे पोहोचला की एक सक्तीची विक्री दुसरीला खेचते आणि काही मिनिटांत भाव पाच-सात टक्के खाली जातो. विकणारे संपले की तितक्याच वेगाने तो परततो. आलेखावर या झटक्याची खूण म्हणजे कँडलखाली लोंबणारी लांब बारीक रेघ, तिला विक म्हणतात. 5 ऑगस्ट 2024 ची विक याच प्रकारची होती. बँक ऑफ जपानने 31 जुलैला व्याजदर वाढवल्यानंतर येनमध्ये कर्ज काढून जगभर केलेले सौदे मोडू लागले, त्या दिवशी निक्केई निर्देशांक 12 टक्क्यांहून अधिक पडला आणि कूटचलनेही त्याबरोबर कोसळली. सोलानाच्या तंत्रज्ञानात त्या दिवशी काहीच बिघडले नव्हते.

पट्टा आखायची सुरुवात दैनंदिन आलेखापासून होते. तासाच्या आलेखावर इतके तळ दिसतात की हवी तिथे हवी ती पातळी सापडते. आलेख लॉग मापावर ठेवावा, म्हणजे समान टक्केवारी समान उंचीची दिसते. सोलाना 20 डॉलरला असताना 10 डॉलरची हालचाल आणि 200 ला असताना तेवढीच हालचाल यांत दहापट फरक आहे, आणि साध्या मापावर तो लपतो. मग भाव स्पष्टपणे वळला असे तळ निवडायचे. दोन तळांवर पट्टा सुचतो, तिसऱ्यावर तो विश्वासार्ह होतो. खालची कड विक जिथपर्यंत गेल्या तिथे ठेवायची आणि वरची कड कँडलच्या जाड भागाच्या, म्हणजे दिवसअखेरच्या भावांच्या, तळाशी. सोलानाच्या बाबतीत जुलैपर्यंतच्या विक 116 ते 122 च्या दरम्यान संपतात आणि दिवसअखेरचे भाव 125 च्या वर राहतात. त्यामुळे 115 ते 128 असा पट्टा मिळतो. ऑगस्टमधली 110 ची विक आल्यावर पट्टा तिथपर्यंत ताणण्याचा मोह होतो, तो आवरावा. एकट्या पडलेल्या विकला सामावून घेतले की पट्टा फुगतो आणि पुढच्या वेळी तो काहीच सांगत नाही.

रुंदी योग्य आहे का, हे तपासायला एक माप आहे. जे. वेल्स वायल्डर यांनी 1978 मध्ये मांडलेले एटीआर हे माप भाव दिवसाला सरासरी किती हलतो ते सांगते. नेहमी चौदा दिवसांची सरासरी घेतात. त्या काळात सोलानाचा एटीआर साधारण 10 डॉलरच्या आसपास धरता येतो. पट्टा 13 डॉलरचा, म्हणजे दिवसाच्या हालचालीहून थोडा मोठा. हे प्रमाण ठीक आहे. पट्टा एटीआरच्या निम्म्याहूनही अरुंद असेल तर ती जाड केलेली रेषाच, आणि अडीच-तीन पट रुंद असेल तर भाव कुठेही असला तरी पट्ट्यातच सापडेल.

वरच्या बाजूला हेच केले तर चित्र कमी नेटके निघते. मार्चमध्ये 210, मेमध्ये 188 च्या आसपास, जुलैअखेर सुमारे 193 : तिथला पट्टा 185 ते 210 असा ऐसपैस होतो. शिखरे विखुरलेली असतील तर ती विखुरलेलीच दाखवावीत. नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकी निवडणुकीनंतर भावाने हा पट्टा ओलांडला आणि त्याच महिन्यात 2021 चा सुमारे 260 डॉलरचा उच्चांक मागे टाकला.

पट्ट्याचा खरा परिणाम आलेखापेक्षा रकमेवर होतो, आणि हाच भाग बहुतेकांकडून सुटतो. समजा एकाकडे 1 लाख रुपये आहेत आणि एका सौद्यात 1 टक्का, म्हणजे 1,000 रुपये, गमावण्याची त्याची तयारी आहे. रेषेवर भरवसा ठेवून तो 121 ला घेतो आणि स्टॉपलॉस 118 ला ठेवतो. नुकसान अडीच टक्क्यांचेच दिसत असल्याने तो सुमारे 40,000 रुपयांची खरेदी करू शकतो. 5 ऑगस्टसारख्या दिवशी मात्र 118 ला विकायची ऑर्डर 118 लाच पुरी होईल याची हमी नसते. ती 114 ला पुरी झाली तर तोटा सुमारे 2,300 रुपये, ठरवल्याच्या दुपटीहून जास्त. पट्टा मानणारा 126 ला घेतो आणि स्टॉपलॉस पट्ट्याच्या खाली आणखी एक एटीआर सोडून, म्हणजे 105 ला ठेवतो. हे अंतर खरेदीच्या भावाच्या एक षष्ठांश आहे, म्हणून त्याची खरेदी 6,000 रुपयांचीच होते. रक्कम लहान वाटते, पण या चलनाच्या अस्थिरतेत 1,000 रुपयांच्या जोखमीला तेवढीच झेपते. भारतात तर याला आणखी वजन आहे. एप्रिल 2022 पासून कूटचलनाच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर लागतो आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. पुन्हा पुन्हा स्टॉपलॉस उडवणारी अरुंद रेषा इथे दुहेरी महाग पडते.

पट्टा तुटला हे कधी मानायचे? भाव पट्ट्याखाली डोकावला एवढ्यावरून नाही. दिवसअखेरचा भाव खालच्या कडेच्या खाली असायला हवा. हा बाजार चोवीस तास चालतो आणि बहुतेक आलेखांवर दिवस जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला संपतो. रात्री अकराला दिसणारी भीतिदायक कँडल अजून अपुरी असते. त्यानंतर भाव पट्ट्यापर्यंत परत येऊन खालूनच मागे फिरला, तर आधाराचा अडथळा झाला असे समजतात.

ही कसोटीही अचूक नाही. सोलाना 2025 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा याच पट्ट्यात उतरले, मार्चमध्ये त्याची विक 112 च्या आसपास गेली आणि भाव पुन्हा सावरला. एप्रिलच्या सुरुवातीला अमेरिकेने नवे आयातशुल्क जाहीर केल्यावर मात्र दिवसअखेरचे भावही 115 च्या खाली गेले आणि 7 एप्रिलला सुमारे 95 चा तळ लागला. नियमाप्रमाणे पट्टा तुटला होता. त्यानंतर शुल्काला स्थगिती मिळाल्यावर महिन्याच्या मध्यापर्यंत भाव पट्टा पार करून 130 च्या आसपास पोहोचला. ज्याने 105 ला विकले, त्याचा तोटा ठरलेल्या 1,000 रुपयांच्या जवळपास राहिला. ज्याने तुटलेला पट्टा आता अडथळा होईल असे धरून 115 पाशी मंदीचा सौदा केला, त्याला भाव थेट पट्ट्यातून वर जाताना पाहावे लागले. असा पट्टा दोन्ही दिशांनी सहज ओलांडला गेला की त्याचा उपयोग संपतो. तो आलेखावरून पुसून टाकावा आणि नवे तळ तयार होईपर्यंत तिथे दुसरा आखू नये.