पत्ता बरोबर, पण हद्दीत आहे का?

प्रोग्रॅम मेमरीत एकसंध बसत नाही. सूचना, माहिती, स्टॅक असे त्याचे तुकडे, म्हणजे सेगमेंट, वेगवेगळ्या जागी ठेवता येतात. प्रोग्रॅम फक्त एवढंच सांगतो: सेगमेंट क्रमांक 1, त्यातली 350वी जागा. खरी जागा शोधायला प्रोसेसर सेगमेंट तक्ता पाहतो. तक्त्यात प्रत्येक सेगमेंटपुढे दोन आकडे असतात: बेस, म्हणजे तो सुरू होतो ती जागा, आणि लिमिट, म्हणजे त्याची लांबी.

समजा, सेगमेंट 1 चा बेस 6200 आणि लिमिट 900 आहे. प्रोसेसर आधी हद्द तपासतो. 350 हा आकडा 900 पेक्षा लहान आहे, म्हणून बेरीज होते:

```
6200 + 350 = 6550
```

हाच मेमरीतला प्रत्यक्ष पत्ता.

आता 900वी जागा मागितली तर? मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे शेवटची वैध जागा 899. बेरीज केली असती तर 7100 आलं असतं, आणि तिथे दुसऱ्याच प्रोग्रॅमची माहिती असू शकते. म्हणून प्रोसेसर तिथेच थांबतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला कळवतो. ती बहुधा तो प्रोग्रॅम बंद करते.

लिनक्स आज मुख्यतः पेजिंगवर चालतं, तरी मेमरीत अशी घुसखोरी झाली की पडद्यावर जुन्याच नावाचा संदेश येतो: `Segmentation fault`.