ग्रॅच्युइटीतून गृहकर्ज फेडताना

समजा, निवृत्तीच्या वेळी गृहकर्जाचे 9 लाख बाकी आहेत, व्याजदर 8.5 टक्के आणि 4 वर्षांचे हप्ते उरलेत. हप्ता साधारण 22,200 रुपये बसतो. पेन्शन नसेल तर तो दरमहा कुठून भरणार? कर्ज आताच फेडलं तर पुढचं सुमारे 1 लाख 65 हजारांचं व्याज वाचतं. ठेवीवर तेवढंच व्याज मिळालं तरी त्यावर कर लागू शकतो, म्हणून फेडणंच बरं. मात्र दुखण्याखुपण्यासाठी वर्षभराचा खर्च बाजूला ठेवूनच. तेवढं उरत नसेल तर अर्धंच फेडा आणि हप्ता कमी करून घ्या. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. फेडल्यावर बँकेकडून घराची मूळ कागदपत्रं आणि ‘बाकी नाही’ दाखला मागून घ्या.