मीटर सहाशेचा, लीड कितीची?

मल्टिमीटर घेताना आपण त्याच्या तोंडावर छापलेलं वाचतो: ६०० व्होल्ट, कॅट-३. प्रत्यक्ष मोजताना मात्र मीटर टेबलावर असतो आणि हातात असतात त्याच्या लाल-काळ्या लीड. प्रोबच्या मुठीवरही असंच रेटिंग बारीक अक्षरांत कोरलेलं असतं, ते सहसा कुणी वाचत नाही. लीडच्या टोकाला क्रोकोडाइल क्लिप लावली तर तिचं रेटिंग आणखी वेगळं. नियम साधा आहे. मीटर, लीड आणि क्लिप यांत ज्याचं रेटिंग सगळ्यात कमी, तेच तुमच्या संपूर्ण जोडणीचं रेटिंग. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुडग्याने मिळणाऱ्या रंगीत क्लिपांच्या वायरींवर काहीच छापलेलं नसतं. त्यातली एक वायर कॅट-३ मीटरला जोडली, की त्या मीटरचा कॅट-३ संपला.

कॅट हा आकडा व्होल्टेजचा नाही, जागेचा आहे. भिंतीतल्या सॉकेटला लावून वापरायची उपकरणं कॅट-२मध्ये येतात, घराचा डीबी आणि पक्कं वायरिंग कॅट-३मध्ये, आणि वीज कंपनीच्या मीटरपाशी किंवा बाहेरून येणाऱ्या केबलवर कॅट-४. मेन्समध्ये वीज कोसळल्यामुळे किंवा मोठी मोटर बंद होताना काही मायक्रोसेकंदांची प्रचंड उसळी येते. ६०० व्होल्ट कॅट-३ची वस्तू ६,००० व्होल्टच्या उसळीवर तपासलेली असते. १,००० व्होल्ट कॅट-२ची वस्तूही तेवढ्याच उसळीवर तपासतात. फरक आहे तो उसळीमागच्या ताकदीत. कॅट-२ची चाचणी १२ ओहममधून होते, कॅट-३ची २ ओहममधून. भागाकार केला तर एकीकडे ५०० अँपिअर आणि दुसरीकडे ३,००० अँपिअर निघतात. म्हणून डीबीवर काम करताना हजाराचा मोठा आकडा पाहून कॅट-२ची लीड उचलणं चूक ठरतं. तिथे सहाशेची कॅट-३ जास्त भरवशाची. लहान फ्लॅटमध्ये सॉकेट डीबीपासून काही मीटरवरच असतं, त्यामुळे सॉकेटसाठीही कॅट-३चीच लीड वापरणं शहाणपणाचं.

एकाच प्रोबवर दोन रेटिंग दिसली तर गोंधळू नका. टोकावर प्लॅस्टिकची टोपी असते. ती बसवली की उघडा धातू जेमतेम ४ मिलीमीटर उरतो आणि प्रोब कॅट-३ला चालतो. टोपी काढली की दीड-दोन सेंटिमीटर धातू उघडा पडतो आणि तोच प्रोब कॅट-२चा होतो. डीबीत शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये लांब टोक घसरून आडवं पडलं तर तिथेच शॉर्ट आणि ठिणगी, म्हणून हा फरक.

आता लीडचं दुसरं टोक, म्हणजे मीटरमध्ये जाणारा बनाना प्लग. जुन्या पद्धतीच्या प्लगची ४ मिलीमीटर जाडीची पिन पूर्ण उघडी असते. क्लिप फेजला लावलेली आहे आणि वायरला झटका बसून प्लग मीटरमधून निघाला, असं समजा. मीटर बाजूला झाला, पण वायर फेजला जोडलेलीच आहे. टेबलावर पडलेली ती पिन म्हणजे २३० व्होल्टचं उघडं टोक. आताच्या सुरक्षित लीडमध्ये पिनभोवती प्लॅस्टिकची नळी असते, बोट धातूपर्यंत पोचत नाही. एकावर एक रचता येणारे उघडे बनाना प्लग लॅबमधल्या पॉवर सप्लायसाठी ठीक आहेत. डीसीला ६० व्होल्ट आणि एसीला ३० व्होल्ट, एवढीच त्यांची मर्यादा माना.

हे सगळं एकत्र कुठे लागतं ते एलईडी टीव्हीच्या बंद पडलेल्या पॉवर बोर्डावर दिसतं. मेन्स आत आल्यावर ब्रिज रेक्टिफायर त्याचं डीसी करतो आणि एका मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट जमतात, कारण २३० व्होल्टच्या एसीचं शिखर तिथे असतं. हा आकडा आहे की नाही, ही पहिली तपासणी. शून्य दिसलं तर फ्यूज किंवा ब्रिज गेला असावा. ३२५ दिसले तर बिघाड पुढे आहे. पीएफसी असलेल्या काही बोर्डांवर मात्र चालू असताना ३८० ते ४०० व्होल्टही दिसतात.

अडचण त्या कपॅसिटरच्या निगेटिव्ह पायाची. बोर्डावर तो ग्राउंड म्हणून लिहिलेला असला तरी तो अर्थ नव्हे. अर्थच्या तुलनेत तो दर चक्रात उणे ३२५ व्होल्टपर्यंत जातो. त्याला धरलेल्या काळ्या क्लिपचा पीव्हीसी बूट मागे सरकलेला असेल, तर काळा रंग पाहून निर्धास्त झालेलं बोट थेट मेन्सला लागतं. आरसीसीबीवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. शरीरातून जमिनीकडे करंट गेला तर ती पडेल, पण एक हात पॉझिटिव्हला आणि दुसरा निगेटिव्हला लागला तर येणारा आणि जाणारा करंट सारखाच राहतो. आरसीसीबीला काही कळतच नाही.

म्हणून क्रम असा ठेवायचा. आधी प्लग सॉकेटमधून काढायचा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून, टोपी लावलेल्या प्रोबने कपॅसिटरवर किती उरलंय ते पाहायचं. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टला सुमारे ५ जूल साठवतो आणि डिस्चार्जची वाट तुटली असेल तर ते बराच वेळ टिकतात. १० किलो-ओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या टोकांनी पाच-सहा सेकंद लावला की तो जवळपास रिकामा होतो. पेचकसाने शॉर्ट करायचं नाही. मग दोन्ही लीडना पूर्ण झाकलेल्या, रेटिंग छापलेल्या क्लिपा लावून पायांवर घट्ट बसवायच्या. क्लिप ओढून पाहायची, शेजारच्या हीट सिंकला लागत नाही ना ते पाहायचं. मग हात बाहेर घेऊन सप्लाय सुरू करायचा, आकडा वाचायचा, सप्लाय बंद करायचा, प्लग काढायचा आणि कपॅसिटर पुन्हा रिकामा झाला हे मीटरवर पाहूनच क्लिपा सोडायच्या. क्लिपेचा खरा फायदा हाच, की वीज असताना बोर्डाजवळ हातच नसतो.

शून्य दिसलं म्हणून बोर्ड मेला असं धरू नये. लीडही आतून तुटलेली असू शकते. मीटर ओहमवर ठेवून दोन्ही टोकं एकमेकांना लावली तर अर्ध्या ओहमच्या आत आकडा यायला हवा. प्लगपाशी आणि मुठीपाशी वायर वाकवताना तो उड्या मारू लागला तर ती लीड बाद. इन्सुलेशनला चीर पडून आतला तांबडा धागा किंवा वेगळ्या रंगाचा थर दिसला तरी बाद, वर टेप गुंडाळल्याने रेटिंग परत येत नाही. सोल्डरिंगच्या टेबलावर सिलिकॉनची वायर पीव्हीसीपेक्षा बरी, इस्त्री टेकली तरी ती लगेच वितळत नाही.

शेवटची नजर लाल प्लगवर टाकायची. तो मागच्या कामातून १० अँपिअरच्या भोकात राहिला असेल तर मीटर व्होल्ट मोजत नाही, शॉर्ट करतो. तेव्हा वाचवतो तो आतला वाळूभरला फ्यूज. तिथे कुणी काचेचा साधा फ्यूज किंवा वायरचा तुकडा बसवला असेल, तर चांगल्या लीडचाही उपयोग नाही. रंगीत क्लिपांचं जुडगं फेकायची गरज नाही. बॅटरी, ब्रेडबोर्ड आणि १२ व्होल्टचा अॅडॅप्टर यांच्यासाठी ते वेगळ्या डब्यात ठेवा आणि मेन्सच्या लीडमध्ये मिसळू देऊ नका.