ट्रक मध्यरात्रीच का येतो?

ऑनलाइन फ्रिज बुक केला. ट्रॅकिंगमध्ये दोन दिवस एकच ओळ : माल भिवंडीला पोहोचला. आता भिवंडीचं गोडाऊन ते गिरगावातलं तुमचं घर, अंतर असेल साधारण पन्नास किलोमीटर. मग घोडं पेंड कुठे खातंय?

बहुतेक वेळा ते नाक्यावर घड्याळाकडे बघत उभं असतं. मुंबई ट्रॅफिक पोलिसांनी २०२५ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत दक्षिण मुंबईत अवजड वाहनांना सकाळी ७ ते मध्यरात्री १२ बंदी आहे. बाकीच्या शहरात ती सकाळ-संध्याकाळच्या पीक अवर्सपुरती असते. दूध, भाजीपाला, पाव, पाण्याचे आणि इंधनाचे टँकर यांना सूट असते. तुमचा फ्रिज कितीही गरजेचा वाटला तरी या यादीत नाही! पोलिसांना हा अधिकार मिळतो मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ मधून.

एक ट्रक म्हणजे किती गाड्या?

बिचाऱ्या ट्रकवरच राग का? रस्त्याचं गणित करणारे इंजिनीअर सगळी वाहनं 'कार'मध्ये मोजतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शहरातल्या रस्त्यावर ट्रकचं प्रमाण पाच टक्के असेल, तर एक ट्रक २.२ कारइतकी जागा खातो. प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं की तोच ट्रक ३.७ कारइतका होतो. ट्रक काही फुगत नाही. पण सिग्नल हिरवा झाल्यावर भरलेला ट्रक हलायला वेळ घेतो, फ्लायओव्हरच्या चढावर रांगतो आणि त्याच्या मागे अडकलेले सगळे लेन बदलायला धडपडतात. त्यात तो बंद पडला तर साधी टोइंग व्हॅन कामाची नाही, मोठी क्रेन बोलवावी लागते. सकाळी नऊ वाजता हे झालं की तुमची साडेनऊची मीटिंग गेलीच समजा.

पण माल तर यायलाच हवा

बंदी ट्रकला असते, मालाला नसते. खरी गंमत इथे आहे. समजा, एका ट्रकमध्ये दहा टन टाइल्स आहेत आणि दुकानदाराला त्या दुपारीच हव्यात. मग माल शहराबाहेर उतरवून 'छोटा हत्ती'मध्ये भरला जातो. एका छोट्या टेम्पोत पाऊण टन धरलं, तर चौदा फेऱ्या होतात. हलक्या मालवाहू गाडीचा हिशोब कमीत कमी १.४ कार धरला जातो. म्हणजे चौदा फेऱ्यांचे झाले जवळपास वीस. एका ट्रकचे होते फार तर ३.७!

म्हणजे बंदी चुकीची? तसं नाही. टेम्पो झटकन वेग घेतो, गल्लीत वळतो आणि चौदा फेऱ्या दिवसभरात विखुरल्या जातात. पण माल रात्री न येता टेम्पोतून दिवसा आला, तर रस्ता मोकळा होत नाही. वर दोनदा चढ-उताराची हमाली आणि जास्तीचं डिझेल हा खर्च शेवटी तुमच्याच बिलात येतो. रात्री माल घ्यायचा तर दुकान उघडं ठेवायला माणूस आणि हमाल लागतात. मोठ्या स्टोअरला ते परवडतं, कोपऱ्यावरच्या दुकानाला नाही.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, प्रत्येक पोलिस आयुक्तालय आपापली अधिसूचना काढतं. एका हद्दीतून सुटलेला ट्रक पुढच्या हद्दीवर उशिरा पोहोचला, तर पुढची वेळ होईपर्यंत तिथेच उभा राहतो. आणि बंदी उठली की थांबलेले सगळे एकदम सुटतात. म्हणून पीक अवर संपल्यावर निघूनही हायवेवर कधी कधी जास्त अडकायला होतं.

झोपेचं काय?

तुमच्या शेजारी टॉवर उभा राहत असेल तर रात्री मिक्सरची घरघर ऐकलीच असेल. तयार काँक्रीट भरल्यापासून साधारण दोन तासांत ओतायचं असतं. ते नाक्यावर थांबून राहू शकत नाही, मग रात्रीच्या मोकळ्या रस्त्याचाच आधार. लंडनने नेमकं उलटं केलंय. तिथे १९८० च्या दशकापासून १८ टनांवरच्या ट्रकना बहुतेक रस्त्यांवर रात्री आणि वीकेंडला बंधनं आहेत, कारण एकच : लोकांना झोपू द्या. थोडक्यात, दिवसाची वाट मोकळी हवी की रात्रीची शांतता, यातलं काहीतरी शहराला निवडावंच लागतं.

घर शिफ्ट करताय?

पॅकर्सवाल्याला आधी गाडी केवढी आहे ते विचारा. कायद्यात एकूण वजन १२ टनांवर गेलं की मालगाडी 'हेवी'. मोठा ट्रक असेल तर दोन्ही शहरांतल्या वेळा बघा आणि सोसायटी रात्री सामान चढवू देते का, तेही विचारून ठेवा. दिवसाची वेळ हवी असेल तर दोन छोटे टेम्पो बरे.