घाव ‘म्हणून’वर

क्लॅट परीक्षेत 2020 पासून तर्काचे प्रश्न उताऱ्यावर येतात. समजा, उतारा म्हणतो: शहरात हेल्मेटसक्ती झाली, वर्षभरात दुचाकीस्वारांचे अपघाती मृत्यू घटले, म्हणून सक्ती यशस्वी ठरली.

मृत्यू घटले, हे खरंच धरायचं. तपासायचा तो ‘म्हणून’.

त्याच वर्षी शहराचा मुख्य रस्ता दुरुस्तीसाठी बंद होता, असं कळलं तर घट कमी वाहतुकीमुळेही झालेली असू शकते. युक्तिवाद कमकुवत होतो, खोटा ठरत नाही. विद्यार्थी नेमके इथेच अडखळतात. निष्कर्ष साफ उडवणारा पर्याय शोधत बसतात.

उलट, फक्त डोक्याच्या दुखापतीने होणारे मृत्यू घटले आणि बाकीचे तेवढेच राहिले, तर युक्तिवादाला बळ मिळतं. हेल्मेट महागल्याची माहिती विषयाला धरून असली, तरी निष्कर्षाला धक्का लावत नाही.