दुपारी एक ते चार फोन वाजत नाही

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात मी मोबाइलचे वर्ग घेते. सुरुवातीला मी सगळे शिकवतात तेच शिकवलं: फोटो कसा पाठवायचा, व्हिडिओ कॉल कसा लावायचा, विजेचं बिल कसं भरायचं. लोक शिकायचे आणि आठ दिवसांनी एकच वाक्य घेऊन परत यायचे, "फोन बिघडलाय हो." दहातल्या आठ वेळा फोन बिघडलेला नसायचा. एखादी गोष्ट बंद झालेली असायची, पण ती शोधायची कशी हे त्यांना कोणी दाखवलेलंच नव्हतं. म्हणून मी वर्गाची मांडणी बदलली. आता चाळीस मिनिटांची तीन सत्रं घेते, दोन सत्रांत एक आठवडा जाऊ देते आणि एका वेळी सहाच माणसं बसवते. फोन अडला तर नेमका कुठे अडलाय हे ओळखणं, एवढाच विषय.

शिकवणाऱ्याने एक नियम काटेकोर पाळायचा. समोरच्याचा फोन हातात घ्यायचा नाही. मी बोट फिरवलं की चार सेकंदांत काम होतं, पण काकूंना त्यातलं काहीच दिसत नाही, आणि पुढच्या वेळी त्या पुन्हा कोणाची तरी वाट बघत बसतात. मी शेजारी बसते आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने, काचेला न लावता, जागा दाखवते.

पहिल्या सत्राची पहिली दहा मिनिटं मी दोन सेटिंग्जना देते. एक अक्षरांचा आकार, तो बहुतेकांना माहीत असतो. दुसरं फारसं कोणाला माहीत नसतं. हात थोडा कापत असला किंवा बोट सावकाश उचललं जात असलं, तर फोनला ते टिचकी मारल्यासारखं न वाटता दाबून धरल्यासारखं वाटतं. मग ॲप उघडण्याऐवजी त्याचं चित्र जागेवरून हलतं, कधी ते पडद्यावरून नाहीसंही होतं. आजोबा म्हणतात, "व्हॉट्सॲप आपोआप गेलं." सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणजे सुलभतेचा विभाग असतो. तिथे टच अँड होल्ड डिले नावाचा पर्याय आहे. तो 'लांब' वर ठेवला की फोन बोटाला जास्त वेळ देतो. आमच्या एका आजोबांच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच संपल्या. बोटं फार कोरडी पडली असतील तर ओल्या रुमालाला टेकवून बघायला सांगते, कारण कोरड्या कातडीचा स्पर्श काचेला नीट कळत नाही.

त्यानंतर विषय आवाजाचा, कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच असतात. फोनमध्ये आवाज एक नसतो. घंटीचा वेगळा, गाण्या-व्हिडिओंचा वेगळा, गजराचा वेगळा आणि बोलताना कानात येणारा वेगळा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर बाजूचं बटण दाबलं की गाण्यांचा आवाज वाढतो, घंटीचा जिथल्या तिथेच राहतो. माणूस बटण दाबत राहतो, पट्टी पूर्ण भरते, तरी फोन वाजत नाही. म्हणून मी सगळ्यांना ते बटण दाबून पडद्यावर येणारी पट्टी बघायला लावते, आणि तिच्याजवळच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवून सगळ्या पट्ट्या उघडायला लावते. बोलणं चालू असताना तेच बटण कानातला आवाज कमीजास्त करतं, हे एकमेकांना फोन लावून तिथल्या तिथे करून बघतो.

फोन वाजत नसेल तर पहिली चाचणी एकच: शेजारच्याच्या फोनवरून त्यावर फोन लावायचा आणि दोन्हीकडे लक्ष ठेवायचं. पडदा उजळला पण घंटी झाली नाही, तर भानगड आवाजाची. पडदा उजळलाच नाही आणि लावणाऱ्याला 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' ऐकू आलं, तर नेटवर्कची. विमानाचं चिन्ह चुकून दाबलं गेलंय का ते आधी बघायचं.

आता ज्या काकूंमुळे मी घरच्या वहीची पद्धत सुरू केली, त्यांची गोष्ट सांगते. त्यांची मुलगी रागावली होती, "आई फोनच उचलत नाही." वर्गात आम्ही पाच वेळा फोन लावला, पाचही वेळा खणखणीत वाजला. घंटीची पट्टी पूर्ण भरलेली होती. इथे शिकवणाराही हात टेकतो. जो बिघाड समोर दिसत नाही तो शोधायचा कसा? मी त्यांना शाळेची दोनशे पानी वही दिली आणि म्हटलं, आठवडाभर तीनच गोष्टी लिहा. किती वाजता झालं, तेव्हा तुम्ही काय करत होता, आणि फोनवर काय दिसलं.

पुढच्या आठवड्यात वही आली. सगळे चुकलेले फोन दुपारी एक ते चारमधले होते. मुलगी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत फोन करायची. काकूंनी आणखी एक ओळ लिहून ठेवली होती, "तिने लगेच दुसऱ्यांदा केला तर वाजतो." या ओळीने सगळं उलगडलं. फोनमध्ये डू नॉट डिस्टर्ब म्हणजे 'व्यत्यय नको' अशी सोय असते. ती चालू असली की घंटी दबते, पण तीच व्यक्ती पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा फोन करत असेल तर तातडीचं काम असेल असं धरून तो फोन वाजू देण्याचा पर्याय तिच्यात असतो. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत काकूंनी स्वतः ते नाव टाकलं. आत वेळापत्रक निघालं, रोज १ ते ४. दोन वर्षांपूर्वी त्यांचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा दुपारच्या झोपेसाठी मुलाने ते लावलं होतं आणि नंतर सगळेच विसरले. वेळापत्रक असल्यामुळे चार वाजता ते आपोआप बंद व्हायचं, आणि आमचा वर्ग पाचचा.

तेव्हापासून पहिल्या सत्राच्या शेवटी मी प्रत्येकाला वही देते. 'केव्हा' या रकान्याइतकं दुसरं काहीच उपयोगी पडत नाही.

दुसरं सत्र इंटरनेटचं. 'नेट चालत नाही' या एका तक्रारीत चार वेगवेगळी कारणं लपलेली असतात, आणि ती वेगळी करायला व्हॉट्सॲपमधली छोटी चिन्हं पुरतात. संदेशाखाली घड्याळ दिसत असेल तर तो आपल्या फोनमधून बाहेरच पडलेला नाही, म्हणजे शोध आपल्याकडे घ्यायचा. एक टिक दिसली तर आपल्याकडून गेला, पण समोरच्या फोनपर्यंत पोचला नाही. मग आपल्या फोनशी खटपट करण्यात अर्थ नाही. हे नुसतं सांगून कळत नाही. मी जोड्या लावते, दोघांपैकी एकाला विमानाचं चिन्ह दाबायला सांगते आणि दोघांना एकमेकांना 'नमस्कार' पाठवायला लावते. एकाकडे घड्याळ उमटतं, दुसऱ्याकडे एक टिक. मग चिन्ह पुन्हा दाबून बंद करायचं आणि थोडं थांबायचं. घड्याळ जाऊन टिका येताना बघणाऱ्याचे डोळे मोठे होतात.

घड्याळच दिसत असेल तर बघायचा क्रम असा. विमानाचं चिन्ह बंद आहे ना? घरचं वायफाय बंद करून सिमच्या डेटावर चालतंय का? घरातल्या दुसऱ्या फोनवरही वायफाय चालत नसेल, तर बिघाड फोनचा नाही, डब्याचा. फक्त एकच ॲप अडलंय की यूट्यूबही? एवढं झाल्यावरच फोन बंद करून चालू करायचा. बंद-चालू आधीच केलं तर फोन बहुधा सुरू होतो, पण कारण कळत नाही.

इथेही वही कामी येते. एका काकांच्या वहीत सलग चार दिवस होतं, "रात्री आठनंतर बंद, सकाळी चालू." त्यांच्या रिचार्जमध्ये रोज दीड जीबी डेटा होता. दुपारी वायफाय नसताना ते क्रिकेट बघायचे आणि संध्याकाळी तो संपायचा. मर्यादा संपली की वेग इतका उतरतो की नेट बंद पडल्यासारखंच वाटतं, आणि मध्यरात्रीनंतर नवा डेटा मिळतो. यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच.

जागा भरली ही तक्रारही याच सत्रात घेते. सुप्रभातची चित्रं लहान असतात, जागा खातात ते व्हिडिओ. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज विभागात 'मॅनेज स्टोरेज' उघडलं की मोठ्या फायली वेगळ्या दिसतात. एकेक उघडून बघून काढायच्या, 'सगळं निवडा' कधीच दाबायचं नाही. गॅलरीतून काढलेले फोटो बऱ्याच फोनवर महिनाभर कचरापेटीत पडून राहतात, त्यामुळे पुसूनही जागा वाढत नाही. पण तोच महिना चुकून पुसलेला फोटो परतही मिळवून देतो, म्हणून पेटी रिकामी करायची घाई करू नये. ॲपच्या माहितीत शेजारी-शेजारी दोन बटणं असतात, `Clear cache` आणि `Clear storage`. पहिल्याने तात्पुरती साठवण जाते, दुसऱ्याने ॲप कोरं होतं. व्हॉट्सॲपवर दुसरं दाबलं आणि बॅकअप नसला तर वर्षांची संभाषणं गेली. हे दोन शब्द मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवते.

तिसरं सत्र कुठे थांबायचं याचं. पाठ फुगलेला फोन चार्जिंगला लावायचा नाही, दाबायचा नाही. बंद करून दुकानात न्यायचा, कारण आतली बॅटरी फुगलेली असते. फोन चार्ज होत नसेल तर आधी दुसरं प्लग, मग दुसरी वायर, मग दुसरा चार्जर, असं एकेक बदलायचं. पिन खुपसून खाच साफ करायची नाही. आणि गुगल खात्याचा पासवर्ड माहीत नसेल तर 'फॅक्टरी रीसेट' ला हात लावायचा नाही. फोन पुसून झाल्यावर तो जुन्या खात्याची ओळख मागतो आणि मालकालाच बाहेर ठेवतो.

पण या सत्राचा मोठा वेळ मदतीचा नंबर शोधण्यात जातो. फोन अडला की माणूस इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधतो, आणि तिथे ठगांनी टाकलेले नंबर असतात. पलीकडचा अगदी गोड बोलतो, एक ॲप टाकायला सांगतो, आणि त्या ॲपमधून आपला पडदा त्याला दिसतो, ओटीपीसकट. म्हणून नंबर घ्यायचा तो बँक कार्डाच्या मागून, बिलावरून किंवा फोनच्या खोक्यावरून. वर्गात प्रत्येकजण आपलं कार्ड आणि बिल घेऊन येतो आणि नंबर वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या हाताने उतरवतो. त्याच पानावर दोन नंबर सगळ्यांचे सारखे असतात: मोबाइल कंपनीकडे तक्रारीसाठी १९८, आणि पैसे गेले तर ताबडतोब लावायचा १९३०. मग मी `*#06#` डायल करायला लावते. पडद्यावर पंधरा अंकी आयएमईआय येतो, दोन सिमच्या फोनवर दोन येतात. फोन हरवला तर तो बंद पाडण्यासाठी हाच आकडा लागतो, आणि फोन हातात नसताना तो असा डायल करून बघता येत नाही.

मागच्या खेपेला त्या काकू तिसऱ्या सत्राला वेळेआधी आल्या. शेजारी बसलेल्या नव्या आजींचा फोन वाजत नव्हता. काकूंनी हात मागे ठेवले, फोनकडे बघितलं आणि विचारलं, "किती वाजता वाजत नाही, ते लिहिलंत का?"