चौतीस सेंटिमीटरचा तुकडा

१४५ मेगाहर्ट्‌झच्या चौकोनी लूप अँटेनाचा रोध सुमारे १०० ओहम, केबल ५० ओहमची. थेट जोडल्यास काही शक्ती परत फिरते.

म्हणून मध्ये पाव तरंग लांबीचा केबलचा तुकडा जोडावा. त्याचा रोध दोन्ही रोधांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे ७०.७ ओहम हवा. टीव्हीची ७५ ओहमची केबल चालते. हवेत पाव तरंग ५२ सेंटिमीटर. पण भरीव पॉलिथिनच्या केबलमध्ये लहर ०.६६ पट वेगाने धावते, म्हणून ३४ सेंटिमीटरच कापावी. नवशिके इथेच चुकतात.

हा उपाय शुद्ध रोधालाच लागू. इतर भारांना स्टब बरा. तो याच अँटेनालाही चालतो: ५० ओहमच्या तशाच केबलवर अँटेनापासून २१ सेंटिमीटरवर, टोक शॉर्ट केलेला तेवढाच फाटा समांतर जोडावा. तिथे वाहकतेचा मेळ आपोआप बसतो आणि उरलेला धारिता-अंश फाटा खोडून काढतो.